घरात एक अल्पदृष्टी, एक पूर्ण अंध: दोघांना एकच सोय चालेल का?

गौरी_सांगली

नमस्कार मंडळी. आम्ही विश्रामबागेत राहतो. जुनं बैठं घर आहे, पुढे शहाबादीच्या तीन पायऱ्या, मागे परडं. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) ७४ वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, म्हणजे सगळं आयुष्य खतावणीत गेलं. आता दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे सुकत चाललाय. कागदावर उजवा डोळा ६/६०, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते त्यांना सहा मीटरवरून, आणि डाव्याला ‘दोन मीटरवर बोटं मोजतात’ असं लिहिलंय. चष्मा बदलून किंवा ऑपरेशन करून आता फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

दुसरी गोष्ट आनंदाची. माझी चुलत नणंद बँकेची परीक्षा पास झाली आणि तिला सांगलीतली शाखा मिळाली. पुढच्या महिन्यापासून ती आमच्याकडे राहणार. सातव्या महिन्यात जन्मलेली, तेव्हापासून तिला काहीच दिसत नाही, उजेडसुद्धा नाही.

आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की अण्णांना थोडं कमी दिसतं आणि तिला अजिबात दिसत नाही, तेव्हा तिच्या हिशोबाने घर लावलं की अण्णांची सोय त्यात आपोआप होईल. दोघांना बोलणारा फोन, डब्यांवर ब्रेलच्या पट्ट्या, भिंतीला दांडा, हॉलमधलं सामान कमी. मला मात्र ते पटेना. कारण अण्णांचं गणितच कळत नाही. ते एकटे चालत देवळात जाऊन येतात, पण समोर उभ्या शेजाऱ्याला ओळखत नाहीत. ताटातला भात दिसत नाही, पण कोपऱ्यात पडलेली टाचणी परवा त्यांनीच उचलून दिली. सासूबाई म्हणतात, “ह्यांना हवं तेवढं बरोबर दिसतं!” यावरून घरात वाद होतात. जाणकारांनी सांगा.

शंभरफुटी

ताई, मी डॉक्टर न्हाई, पण आमच्या चुलत्यांचं बघितलंय म्हणून सांगतो. एक, मोतीबिंदू आहे का ते तपासा, बऱ्याचदा दोन्ही असतं. दोन, पेपर वाचणं बंद करा. आहे ती नजर पुरवून पुरवून वापरायची, ताण दिला की लवकर जाते. तीन, ब्रेल आत्ताच शिकवायला घ्या, पुढं लागणारच आहे. नणंद शिकवेल की वो घरच्या घरी. आणि एक पांढरी काठी घेऊन द्या. मिटला विषय.

तंबोरा

मी मिरजेचा. नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून सरकारी नोकरीत होतो, आता निवृत्त. शंभरफुटी, मोतीबिंदूचं तुमचं बरोबर आहे. पडदा खराब असला तरी पुढे मोतीबिंदू असेल तर तो काढल्यावर थोडा उजेड आणि रंग सुधारू शकतात, त्यामुळे ते विचारून घ्यावं. पण वाचन बंद करायचा सल्ला कृपया मागे घ्या. वापरल्याने नजर झिजत नाही. उलट वाचन सोडून दिलेला माणूस उरलेल्या पडद्याने बघायची सवय गमावतो आणि मग घरच्यांना वाटतं आजार वाढला.

गौरीताई, टाचणीचं कोडं आधी सोडवतो, कारण बाकीचं त्यातून निघतं. पडद्याचा अगदी मधला छोटा भाग बारीक बघण्यासाठी असतो. अक्षरं, चेहरे, सुईचं नाक, नोटेवरचा आकडा. त्याच्या बाजूचा मोठा भाग हालचाल, कडा, रस्ता, चमक टिपतो. अण्णांचा मधला भाग गेलाय आणि बाजूचा शाबूत आहे. म्हणून ते देवळात जातात, कारण भिंती, रस्त्याची कड, येणारी गाडी हे सगळं बाजूने दिसतं. टाचणी दिसली, कारण ती कोपऱ्यात, नजरेच्या कडेला चमकली. तीच टाचणी सरळ समोर धरून दाखवा, नाहीशी होईल. सासूबाईंना हा प्रयोग करून दाखवा, वाद निम्मा मिटेल.

भाताचं कारण वेगळं. स्टीलचं ताट, त्यावर पांढरा भात, वरून ट्यूबलाइटची चमक. कड कुठे संपते ते कळायला रंगात फरकच नाही. गडद रंगाच्या ताटात वाढा. चहा पांढऱ्या कपात द्या, ताक मात्र गडद पेल्यात. पैसा लागत नाही आणि फरक त्याच दिवशी कळतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. थोडं कमी आणि पूर्ण, असा एकाच पट्टीवरचा हा हिशोब नाही. अण्णांचं सगळं उरलेल्या नजरेवर चालणार आहे, त्यामुळे त्यांना उजेड, रंगातला फरक, मोठेपणा आणि जवळचं अंतर लागतं. नणंदबाईंना यातलं काहीच उपयोगी नाही. त्यांना वस्तू जागच्या जागी आणि माहिती कानावर किंवा हाताला लागते. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, इथे बोलणारी माणसं आहेत.

तासगावचा_प्रसाद

आलोच काका. मी पूर्ण अंध, बत्तीस वर्षांचा, संगणकावर काम करतो, हा धागा कानाने वाचतोय.

गौरीवहिनी, भिंतीला दांडा अजिबात बसवू नका. घर ही आमच्यासाठी सगळ्यात सोपी जागा. पहिल्या दिवशी तिला एकदा दारापासून सुरुवात करून सगळं घर फिरवा, तिचा हात तुमच्या कोपराला धरू द्या, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. तिला ओढायचं नाही, मागून ढकलायचं तर नाहीच. स्वयंपाकघर, मोरी, परडं, मेन स्विच, गॅसचा कॉक. एवढ्यात नकाशा डोक्यात बसतो.

त्यानंतर तुमचं काम एवढंच, की नकाशा बदलायचा नाही. बादली पॅसेजमध्ये ठेवली, दार अर्धवट उघडं ठेवलं, की लागलंच कपाळाला. दार एकतर पूर्ण उघडं भिंतीला टेकलेलं, नाहीतर बंद. वरच्या कपाटाची दारंसुद्धा. बोलता बोलता खोलीतून निघून गेलात तर सांगून जा. मी एकदा आमच्या काकांशी शेतीच्या विम्यावर बराच वेळ बोलत होतो, काका कधीच अंगणात गेले होते.

ब्रेलच्या पट्ट्या तिला हव्या असतील तर ती स्वतः लावेल. मसाल्याच्या डब्यात वाट्यांचा क्रम ठरलेला असला की पट्टी लागतच नाही, वास आहेच. फक्त कोणी भांडी घासून क्रम बदलू नये. साखर आणि मीठ एकसारख्या बरणीत नको, एवढं बघा.

वाळवेकर

सर, माझ्या मुलाचा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, त्याने फक्त बोटं मोजता येतात. उजवा ६/६ आहे. म्हणजे तो अल्पदृष्टीत बसतो ना? शाळेत सवलत मिळेल का? काठी वगैरे लागेल का पुढे?

तंबोरा

वाळवेकर, हा धागा वेगळ्या विषयावर आहे, तरी थोडक्यात सांगतो. मुलाला काठी लागणार नाही. कायद्यात अल्पदृष्टी ठरते ती चांगल्या डोळ्यावरून आणि चष्मा लावून. त्याचा चांगला डोळा ६/६ आहे, त्यामुळे तो त्यात बसत नाही. एका डोळ्याची नजर एवढी कमी असेल तर सरकारी तक्त्यात ३० टक्के अपंगत्व धरतात, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० लागतात. खोलीचा अंदाज, चेंडू झेलणं, गर्दीत डाव्या बाजूने येणारी सायकल, एवढं त्याला शिकवा. वर्गात डावीकडे बसवलं तर बहुतेक वर्ग त्याच्या उजव्या बाजूला येईल. मुलगा लहान असेल तर आळशी डोळ्यावर उपचार होतात का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच विचारा. वय वाढेल तसा उपयोग कमी होत जातो.

अनघा_कराड

मी कराडची, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझी गोष्ट अण्णांच्या बरोबर उलटी आहे म्हणून लिहिते.

मला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. सुरुवात रातांधळेपणाने झाली, मग कडेचं दिसणं आवळत आवळत आता मधोमध एक छोटी जागा उरलीय. त्या जागेत माझी नजर ६/९ आहे. म्हणजे मी पेपर वाचते, मुलांच्या वह्या तपासते, पण पायाखालचा दगड, शेजारून येणारा माणूस, समोर पुढे केलेला हात यातलं काही दिसत नाही. संध्याकाळ झाली की पांढरी काठी काढते. एसटीत काठी मांडीवर ठेवून पेपर उघडला की आजूबाजूचे लोक जे बोलतात ते इथे लिहीत नाही. एका कार्यालयात तर साहेबांनी माझं प्रमाणपत्र बघितलं, मी अर्ज स्वतः भरताना बघितलं, आणि “बाई, हे कुठून करून आणलंत?” असं विचारलं.

गंमत अशी की कायद्याच्या हिशोबात मी ‘अंध’ गटात आहे, कारण माझ्या दिसण्याचा घेर १० अंशांच्या आत आलाय. आणि अण्णा, जे एक अक्षर वाचू शकत नाहीत, ते ‘अल्पदृष्टी’ गटात. बरोबर ना तंबोराकाका?

तंबोरा

अगदी बरोबर. २०१६ च्या कायद्यात दोन वेगळी मापं आहेत, अक्षरांच्या तक्त्याचं आणि दिसण्याच्या घेराचं. दोन्हींपैकी एकात बसलं तरी चालतं. चांगला डोळा ३/६० पेक्षा कमी, किंवा घेर १० अंशांपेक्षा कमी, म्हणजे अंध. अनघाबाई घेरातून आल्या. त्यामुळे अशा माणसाला तपासताना नुसता तक्ता वाचून घेतला तर ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. घेर मोजायची मशीनवरची तपासणी मागून घ्यावी लागते, आणि ती प्रमाणपत्राच्या आधी झालेली बरी.

गौरीताई, अण्णांचं सांगायचं तर चांगला डोळा ६/६० आणि दुसरा ३/६० च्या खाली, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी तक्त्याप्रमाणे ६० टक्क्यांच्या रकान्यात बसायला हवेत. अंतिम आकडा बोर्डाचा. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि सिव्हिलला जाताना जुने सगळे कागद न्या.

गौरी_सांगली

सगळ्यांचे आभार. ताटाचं लगेच केलं. सासूबाईंनी ठेवणीतलं निळं काचेचं ताट काढलं, अण्णा काही न विचारता जेवले. टाचणीचा प्रयोगही केला. सासूबाई गप्पच झाल्या.

आता दोन प्रश्न. अण्णांना पेपर वाचायचाच आहे. यात्रेतून आणलेलं ताटाएवढं भिंग आहे, त्याने काही होत नाही. आणि ह्यांनी फोनवर टॉकबॅक लावून दिलाय, तेव्हापासून अण्णा फोनला हात लावत नाहीत. काल भाजी मंडईत त्यांनी वीसची म्हणून दोनशेची नोट दिली. भाजीवाली ओळखीची होती म्हणून परत आली.

तंबोरा

भिंग जेवढं मोठं तेवढी त्याची ताकद कमी, हा नियम लक्षात ठेवा. ताटाएवढं भिंग दिसायला भारी, पण ते किंचितच मोठं दाखवतं.

अण्णांसाठी ढोबळ हिशोब असा. ६/६० ला उलटं करा, ६० भागिले ६, आले १०. म्हणजे सुरुवात १० पॉवरच्या भिंगापासून. आणि भिंग कागदापासून किती वर धरायचं? १०० भागिले १०, म्हणजे १० सेंटिमीटर. हे अंतर ठरलेलं असतं. लोक काय करतात, भिंग कागदाला चिकटवतात नाहीतर मधेच कुठेतरी हलवत राहतात आणि म्हणतात अंधूक दिसतं. १० ने अक्षरं नुसती ओळखू येतील. सलग वाचायला बहुतेक १६ किंवा २० लागेल, मग अंतर ६ किंवा ५ सेंटिमीटरवर येतं आणि हात थरथरला की अक्षर सुटतं. म्हणून पाय असलेलं, दिव्याचं, कागदावर ठेवून सरकवायचं भिंग घ्या. डोळा भिंगाच्या जवळ न्यायचा, म्हणजे एका वेळी जास्त शब्द दिसतात. ‘नाकाला लावून वाचू नका’ असं घरात कोणी म्हणायचं नाही. मात्र ऑनलाइन मागवू नका. पुण्या-मुंबईच्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत अल्पदृष्टीचा विभाग असतो, तिथे वेगवेगळी भिंगं हातात देऊन बघतात.

एवढं करूनही मधला भाग नाहीच, त्यामुळे सरळ बघितलं तर शब्द बुडणारच. त्यांना बाजूने बघायला शिकवायचं. तुम्ही समोर बसा. अण्णांना सांगा, माझ्या कपाळाकडे बघा, आता कानाकडे, आता खांद्याकडे. कुठे बघितल्यावर माझं नाक सगळ्यात स्पष्ट दिसतं? जी दिशा सापडेल ती पक्की करायची, रोज थोडा वेळ, आधी मोठ्या अक्षरांवर. जमायला आठवडे लागतात. आणि मग अण्णा बोलताना तुमच्या कानामागे बघतील तेव्हा ‘माझ्याकडे बघत नाहीत’ असं मनात आणू नका. तेव्हाच तर ते तुम्हाला बघत असतात.

वाचायचा दिवा छताला नको. खाली, बाजूने, चांगल्या डोळ्याच्या बाजूला, टोपी असलेला, म्हणजे उजेड कागदावर पडेल, डोळ्यात नाही.

तासगावचा_प्रसाद

टॉकबॅकचं मी सांगतो. वहिनी, तो माझ्यासाठी आहे, अण्णांसाठी नाही. टॉकबॅक चालू असताना एका बोटाच्या स्पर्शाने फक्त वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टॅप लागतं, सरकवायला दोन बोटं. ज्याला पडद्यावर थोडं दिसतं तो बोट बरोबर ठेवतो, काही उघडत नाही, आणि माणूस वैतागतो. दृष्टी असलेल्यांच्या हातातही तो फोन बिघडल्यासारखाच वागतो.

आधी तो बंद करा. मग Settings > Accessibility > Magnification चालू करा, कुठेही तीनदा टॅप केलं की पडदा मोठा होतो. अक्षर मोठं आणि ठळक, पार्श्वभूमी काळी. मोठा मजकूर ऐकायचा असेल तेव्हा Select to Speak, ते सांगितलं तेवढंच वाचतं आणि बाकीचा फोन नेहमीसारखा राहतो. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतात.

नोटांचं म्हणाल तर इथे अण्णा रंगाने फसले. वीसची हिरवट पिवळी आणि दोनशेची पिवळी, मंडईच्या सावलीत एकच. मी रंग बघतच नाही, लांबी बघतो. नव्या नोटांत वीसची १२९ मिलिमीटर, दोनशेची १४६. एवढा फरक हाताला सहज कळतो. शंभर, दोनशे, पाचशे यांत मात्र प्रत्येकी चारच मिलिमीटरचा फरक, तिथे मी प्रत्येकीची घडी वेगळी घालून ठेवतो. दोनशे-पाचशेच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, पण मळलेल्या नोटेवर त्यांचा भरवसा नाही. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अ‍ॅप आहे, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की बोलून सांगतं, नेट लागत नाही. पण मंडईत कोण फोन काढत बसणार? घडीच बरी.

शंभरफुटी

म्हणजे अंध माणसाची युक्ती अल्पदृष्टीवाल्याला कामाला आली की! मग मी काठीचं बोललो ते काय चुकलं?

अनघा_कराड

काठीबद्दल मी शंभरफुटींच्या बाजूने आहे, थोडीशी. अण्णा चालतात ठीक, पण ओळख न दिल्याने लोक त्यांना शिष्ट समजत असणार. शिवाय गर्दीत रिक्षावाला हॉर्न वाजवतो आणि गृहीत धरतो की समोरच्याला दिसलं. हातात छोटी घडीची पांढरी काठी असली की समोरचा थांबतो. माझं अर्धं काम ती काठी जमिनीला न लागता करते.

तासगावचा_प्रसाद

ताई, आदर ठेवून असहमत. काठी म्हणजे पाटी नव्हे, ते हत्यार आहे. उभं राहिल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंची लागते, पुढच्या पावलाची जागा आधी चाचपायची असते, ते शिकावं लागतं. न शिकता हातात दिली तर अण्णांच्याच पायात येईल. आणि ज्याला जमीन दिसते त्याने ती धरली, की लोक म्हणणार ‘याला तर दिसतंय’. मग खरी गरज असलेल्यावरही संशय. तुम्हीच तो अनुभव लिहिलाय.

अनघा_कराड

तो अनुभव लोकांच्या अज्ञानाचा आहे. त्यासाठी मी काठी का सोडू?

तंबोरा

दोघांचं ऐकून मीही ठरवू शकत नाही. अण्णांच्या बाबतीत मी आधी पायऱ्या बघेन. शहाबादी फरशी सगळी एकाच करड्या रंगाची असते, उतरताना कड कळत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन-तीन बोटं रुंद पिवळा ऑइलपेंट मारा. पडायचा धोका तिथेही असतो, नुसता रस्त्यावर नाही. उन्हातून घरात आल्यावर उंबऱ्यात क्षणभर थांबायला सांगा, आणि बाहेर जाताना पुढे छज्जा असलेली टोपी. काठीचं त्यांनाच विचारा.

गौरी_सांगली

विचारलं. “मी अजून आंधळा झालो नाही” एवढंच उत्तर आलं. विषय तिथेच.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. अण्णा मला परवा हळूच म्हणाले की संध्याकाळी परड्यात त्यांना लहान मुलं दिसतात, जुन्या पद्धतीचे रंगीत कपडे घातलेली. बोलत नाहीत, नुसती उभी असतात. कधी भिंतीवर जाळीसारखी नक्षी दिसते. सासूबाईंना कळलं तर त्या लगेच काहीतरी बाहेरचं म्हणून उतारा काढतील. ह्यांना वाटतंय विसरण्याचा आजार सुरू झाला.

तंबोरा

बरं झालं लिहिलंत. मी नोकरीत असताना हे शेवटी, दाराशी उभं राहून सांगणारे म्हातारे पुष्कळ बघितले, कारण लोक वेडा म्हणतील ही भीती.

याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. स्वित्झर्लंडच्या बोने यांनी १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. त्यांची नजर गेली होती, डोकं शाबूत होतं, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. पडद्याकडून चित्र येणं कमी झालं की मेंदूचा बघण्याचा भाग स्वतःच चित्रं तयार करतो. अण्णांसारख्या आजारात हे बऱ्यापैकी आढळतं.

ओळखायचं असं. ती चित्रं मूक असतात. स्पष्ट असतात, अण्णांच्या एरवीच्या नजरेपेक्षाही स्पष्ट. आणि माणसाला आत कुठेतरी माहीत असतं की हे खरं नाही. अण्णांनी ‘मुलं आलीत, खाऊ द्या’ असं म्हटलं नाही ना? आवाज ऐकू येत असतील, ते खरंच मानत असतील, दिवस-वार चुकत असतील, ताप असेल किंवा नवीन गोळी सुरू झाली असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा. एरवीही पुढच्या भेटीत सांगाच.

मुलं दिसली की दिवा लावायचा, उठून उभं राहायचं, नजर झपझप डावीकडे-उजवीकडे फिरवायची. बऱ्याचदा चित्र जातं. कातरवेळी जास्त दिसतं कारण उजेड कमी असतो. परड्यात दिवा लावा, उताऱ्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि अजून एक. रोज सकाळी एक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला सांगा, मग दुसरा. एखाद्या दिवशी सरळ गज वाकडे दिसले किंवा मधला काळा डाग एकदम वाढला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सुकलेल्या प्रकारातून कधीकधी ओला प्रकार सुरू होतो. त्यावर डोळ्यात इंजेक्शन असतं, पण उशीर झाला तर उपयोग कमी.

वाळवेकर

सर, माझ्या मुलाला अशी चित्रं दिसतील का?

तंबोरा

नाही हो. त्याचा उजवा डोळा छान आहे. झोपू द्या त्याला.

गौरी_सांगली

अण्णांना वाचून दाखवलं. “म्हणजे हे पुस्तकात आहे?” म्हणून तीनदा विचारलं आणि मग स्वतःच सासूबाईंना सांगितलं. ह्यांचं अजून पूर्ण समाधान नाही, ते डॉक्टरांना विचारणारच आहेत.

आता घर लावायला घेतलंय तर एक अडचण दिसतेय. अण्णा उजेडाच्या मागे फिरतात. सकाळी पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची, दुपारी ओसरीवर, खुर्ची त्यांच्याबरोबर. प्रसादभाऊ म्हणतात वस्तू हलवायच्या नाहीत. मग करायचं काय?

तासगावचा_प्रसाद

ही खरी अडचण, आणि पुस्तकात नसते. दोन खुर्च्या कायमच्या ठेवा, एक खिडकीशी, एक ओसरीवर. अण्णांनी फिरायचं, खुर्चीने नाही.

आणि उलटी बाजूही सांगून ठेवतो. ती अंधारात आरामात वावरेल, दिवा लावायचं तिला सुचणारच नाही. अण्णा रात्री उठले आणि पॅसेजमध्ये ती उभी असली तर दोघांची टक्कर. पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा ठेवा. अजून एक, तिची झोप कधी सरकली, दिवसा डुलक्या, रात्री टक्क जागी, तर आळशीपणा समजू नका. ज्यांच्या डोळ्यांना उजेडच कळत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांवर टिकत नाही, रोज थोडं पुढे सरकतं. मला काही आठवडे नीट जातात आणि मग काही वाईट. अण्णांना उजेड कळतो, त्यामुळे त्यांना या कारणाने होणार नाही.

अनघा_कराड

प्रसाद, हे मला माहीत नव्हतं.

गौरी, एक विचारू? हे सगळं आपण इथे ठरवतोय. नणंदेला फोन केला का?

गौरी_सांगली

केला आत्ताच. मी ब्रेलच्या पट्ट्या, नकाशा, डब्यांचा क्रम सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “वहिनी, पलंगाजवळ प्लग आहे का? आणि वायफाय?” डबे ती येऊन बघणार आहे. दूध तापवताना भांड्यात टाकायची खुळखुळणारी चकती ती स्वतःची घेऊन येतेय. अण्णांशी बोलली, नोटांच्या घडीवरून दोघांचं बराच वेळ चाललं होतं. अण्णांचं म्हणणं पाचशेची नोट कधी दुमडायची नाही.

तिचा खरा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. शाखा गणपती पेठेत आहे. विश्रामबागेतून सकाळी नऊच्या सुमारास बस बरी की वडाप? आणि उतरल्यावर रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी जागा कोणती?

शंभरफुटी

हे मला विचारा की! आपला रोजचा रस्ता आहे. बस थांब्यावर थांबते, ती जागा ठरलेली असते. वडाप मनाला येईल तिथं थांबतं आणि रोज वेगळीकडं उतरवतं, ते तिच्या कामाचं न्हाई. पैल्या आठवड्यात बसनं न्या आणि उतरायचा थांबा एकच धरा. शाखा रस्त्याच्या कुठल्या अंगाला हाय ते सांगा, उद्या जाताना बघून लिहितो. वाटेत गटाराची झाकणं कुठं उघडी हायत तेबी बघतो.

तासगावचा_प्रसाद

झाकणांबरोबर फुटपाथवर लावलेल्या दुचाक्याही बघा भाऊ. आणि कमरेच्या वर लोंबणारं काही असेल तर ते आधी लिहा, दुकानांचे पत्रे, बोर्ड. काठीला खालचं कळतं, वरचं नाही.